मागच्या मॅचेसवर नफा, पुढच्या सीझनला तोटा: १४६ फीचरवालं बेटिंग मॉडेल आणि तारखेच्या क्रमाने तपासणी

हा प्रॉब्लेम आमच्या ग्रुपमध्ये वर्षभरात तिसऱ्यांदा आला म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय, म्हणजे चौथ्या वेळी नुसती लिंक देता येईल. आम्ही नाशिकचे पाच-सहा जण आहोत, कोणी सातपूरच्या कंपनीत क्वालिटीला, कोणी बँकेत, रविवारी सकाळी कॉलेज रोडला भेटतो आणि फुटबॉलच्या मॅचेसची प्रोबॅबिलिटी काढायची मॉडेलं बनवतो. आधीच सांगतो की हे सगळं कागदावरचं आहे, २०२५ च्या कायद्यानंतर आपल्याकडे पैसे लावून ऑनलाईन खेळणं बंदच आहे आणि आम्हाला तसंही पैसे लावायचे नव्हते, बुकीच्या ऑड्सपेक्षा चांगला अंदाज आपल्याला बांधता येतो का एवढंच बघायचंय.

तर लक्षण असं दिसतं. मॉडेल तपासणीत झकास चालतं, कागदावर दहा-अकरा टक्के नफा दाखवतं, आणि खऱ्या पुढच्या मॅचेसवर सोडलं की पहिल्या दोन महिन्यांतच उताराला लागतं. मग माणूस काय करतो तर अजून फीचर, म्हणजे मॉडेलला द्यायचे माहितीचे कॉलम, टाकतो. आमच्या पिंपळगावच्या मित्राने नेमकं हेच केलं होतं, त्याचीच केस घेतो, त्याने हो म्हटलंय.

डेटा प्रीमियर लीगचा, football-data.co.uk वरच्या फुकट फाईली, २०१४-१५ ते २०२३-२४ असे १० सीझन, दर सीझनला ३८० मॅचेस म्हणजे एकूण ३८००. फीचर किती तर १४६. एवढे आले कुठून हे बघण्यासारखं आहे कारण प्रत्येकाचे असेच वाढतात. गोल, शॉट, टार्गेटवरचे शॉट, कॉर्नर, फाऊल, पिवळी कार्डं अशा ६ गोष्टी. प्रत्येकीचे केलेले आणि समोरच्याने केलेले असे २. शेवटच्या ३, ५ आणि १० मॅचेसची सरासरी म्हणून ३ पट. घरची टीम आणि पाहुणी टीम म्हणून २ पट. सगळ्या मॅचेस धरून एकदा आणि फक्त घरच्या किंवा फक्त बाहेरच्या मॅचेस धरून एकदा, परत २ पट. गुणाकार केला की १४४. आणि वर दोन्ही टीमचे त्या सीझनमधले दर मॅचचे सरासरी पॉइंट असे २ कॉलम. झाले १४६. म्हणजे बघा, माहिती मुळात सहाच गोष्टींची, तीच उलटसुलट करून १४४ वेळा मांडलेली.

मॉडेल ग्रेडियंट बूस्टिंगचं, म्हणजे निर्णयाची छोटी झाडं एकामागे एक जोडणारं, तपासणी `KFold(n_splits=5, shuffle=True)` ने, म्हणजे मॅचेस पत्त्यांसारख्या पिसून पाच भाग पाडायचे, चारांवर शिकवायचं आणि उरलेल्यावर तपासायचं, असं पाच वेळा. मोजमाप लॉग लॉस. जे माहीत नसेल त्याच्यासाठी: जो निकाल प्रत्यक्षात लागला त्याला मॉडेलने जी प्रोबॅबिलिटी दिली होती तिचा नॅचरल लॉग घ्यायचा, चिन्ह उलटं करायचं, सगळ्या मॅचेसची सरासरी काढायची, आकडा जितका कमी तितकं चांगलं. जिंक-ड्रॉ-हार तिघांना सरळ एकतृतीयांश दिलं तर १.०९९ येतो, म्हणजे काहीच न कळणाऱ्याचा आकडा हा. मित्राचा आला होता ०.९४१. बुकीच्या ऑड्समधून काढलेला ०.९६८. तो खूप खूश होता आणि मला त्याचं मन मोडायला नको वाटत होतं, पण फुकटच्या फाईलवर घरी बसून बुकींच्या बाजाराला इतक्या फरकाने हरवणारं मॉडेल दिसलं की पहिला संशय तपासणीवरच घ्यायचा, मॉडेलवर नाही.

इथे बाजाराचा आकडा कसा काढायचा तेही सांगतो कारण हा बेसलाईन बरेच जण काढतच नाहीत. समजा ऑड्स २.१०, ३.४० आणि ३.६० आहेत. प्रत्येकाचा उलटा करा: ०.४७६, ०.२९४, ०.२७८. बेरीज १.०४८ येते, वरचे ४.८ टक्के हा बुकीचा कट. प्रत्येकाला त्या बेरजेने भागलं की ०.४५४, ०.२८१, ०.२६५, आता बेरीज १ झाली आणि ही बाजाराची प्रोबॅबिलिटी. त्याच मॅचेसवर याचाही लॉग लॉस काढायचा. मॉडेल याच्या पुढे गेलं नाही तर कागदावरचा नफा कितीही दिसो, त्याला आधार नाही.

आता मूळ दुखणं. सगळ्यात मोठी चूक त्या शेवटच्या दोन कॉलमांत होती. सीझनचे सरासरी पॉइंट त्याने पूर्ण सीझनवरून काढले होते आणि ऑगस्टच्या मॅचलाही तोच आकडा लावला होता. लेस्टरचं उदाहरण घ्या. २०१४-१५ ला ते १४वे आले, २०१५-१६ ला ८१ पॉइंट घेऊन चॅम्पियन, अख्ख्या सीझनमध्ये फक्त ३ मॅचेस हरले, आणि त्याच्या पुढच्या वर्षी परत १२वे. ८ ऑगस्ट २०१५ ला त्यांनी सीझनच्या पहिल्या मॅचमध्ये संडरलंडला ४-२ ने हरवलं, त्या दिवशी जगात कोणाला माहीत नव्हतं की हे चॅम्पियन होणार, पण मित्राच्या टेबलात त्या ओळीवर ८१ भागिले ३८ म्हणजे २.१३ हा आकडा लिहून बसला होता. मी त्याला म्हटलं, "अरे, ऑक्टोबरला बागेची छाटणी घेताना फेब्रुवारीत माल कुठल्या भावाने गेला ते वहीत आधीच लिहिलेलं असेल तर कोणाचंही गणित बरोबर येईल." त्याच्या घरी द्राक्षाची बाग आहे, त्याला लगेच कळलं.

ते दोन कॉलम काढले, बाकी काही बदललं नाही, तर ०.९४१ चा झाला ०.९७९. म्हणजे बाजाराच्या पुढे असलेलं मॉडेल दोन कॉलम काढताच बाजाराच्या मागे. पण तो म्हणाला की ठीक आहे, फार मागे नाही, अजून ट्यून केलं तर येईल वर. इथेच खरा मुद्दा आहे, कारण ०.९७९ हाही खोटाच आकडा होता.

का खोटा ते नीट समजून घ्या. शफल करून पाच भाग पाडले की लेस्टरच्या ३८ मॅचेसपैकी साधारण ३० ट्रेनिंगला जातात आणि ८ टेस्टला, आणि त्या ८ सगळ्या सीझनभर विखुरलेल्या. डिसेंबरची मॅच टेस्टला, तिच्या आधीच्या नोव्हेंबरच्या आणि नंतरच्या जानेवारीच्या मॅचेस ट्रेनिंगला. टीमचं नाव फीचरमध्ये नसलं तरी फरक पडत नाही, कारण शेवटच्या १० मॅचेसची सरासरी फार हळू बदलते, एका आठवड्यातून पुढच्या आठवड्यात दहातली एकच मॅच बदलते, त्यामुळे १४४ कॉलम मिळून त्या टीमचा त्या दिवसांतला ठसा तयार होतो, बोटाच्या ठशासारखा. बूस्टिंगच्या झाडांना हा ठसा ओळखता येतो. आणि जानेवारीच्या ओळीतल्या ‘शेवटच्या ३ मॅचेसचे गोल’ या आकड्यात टेस्टमधल्या त्या डिसेंबरच्या मॅचचे गोलसुद्धा मिसळलेले असू शकतात. म्हणजे मॉडेल पुढचं सांगत नाहीये, मागची आणि पुढची बाजू माहीत असताना मधलं भोक बुजवतंय. भोक बुजवणं सोपं असतं. शुक्रवारी बसून रविवारची मॅच सांगायची असते तेव्हा पुढची बाजू नसते.

आणि दुसरी गोष्ट, फीचर जितके जास्त तितका हा ठसा स्पष्ट, म्हणून शफलवाल्या तपासणीत फीचर वाढवले की आकडा सुधारत जातो आणि माणसाला वाटतं आपण बरोबर दिशेने चाललोय. ओव्हरफिटिंग, म्हणजे मॉडेलने जुना डेटा पाठ करणं, पकडायला जी तपासणी ठेवली तीच ओव्हरफिटिंगला शाबासकी देते. १४४ कॉलम निव्वळ फालतू असते, निकालाशी काहीही संबंध नसता, आणि प्रत्येकाची एकेकटी, शंभरात पाच वेळा नशिबाने फसणारी ५ टक्क्यांची चाचणी घेतली असती तरी सरासरी ७ कॉलम ‘कामाचे’ निघाले असते. मित्राच्या मॉडेलने काढलेल्या महत्त्वाच्या कॉलमांच्या यादीत ‘पाहुण्या टीमचे बाहेरच्या शेवटच्या ३ मॅचेसमधले फाऊल’ फार वर होतं. याला फुटबॉलमध्ये काय कारण असेल ते दोघांनाही सांगता आलं नाही.

दुरुस्तीकडे येतो. पहिलं काम फीचर परत बनवणं, प्रत्येक ओळीत फक्त त्या मॅचच्या आधीचं. प्रत्येक मॅचच्या दोन ओळी करा, एकेका टीमची एक, मग शेवटच्या ५ मॅचेसमधल्या गोलांची सरासरी अशी, `gf` म्हणजे त्या टीमने केलेले गोल:

```python
df["Date"] = pd.to_datetime(df["Date"], dayfirst=True, format="mixed")
df = df.sort_values("Date")
df["gf5"] = (df.groupby("team")["gf"]
    .transform(lambda s: s.shift(1).rolling(5).mean()))
```

यातला `shift(1)` विसरला की त्याच मॅचचे गोल सरासरीत येतात, ही चूक मीच दोनदा केलीये आणि दोन्ही वेळा आकडा एकदम भारी आला म्हणून कळलं. `dayfirst=True` पण सोडू नका, फाईलमध्ये तारीख दिवस आधी अशी आहे, ०३/०९ म्हणजे ३ सप्टेंबर, ते ९ मार्च म्हणून वाचलं गेलं तर क्रमच मोडतो आणि तुम्ही तारखेप्रमाणे तपासताय असं नुसतं वाटत राहतं. आणि हो, फाईलमधले `HS`, `HST`, `HC` हे घरच्या टीमचे शॉट, टार्गेटवरचे शॉट आणि कॉर्नर, त्याच मॅचचे मॅच संपल्यानंतरचे आकडे आहेत, ते सरळ फीचर म्हणून घेता येत नाहीत, आधीच्या मॅचेसच्या सरासरीतच यायला हवेत.

ऑड्सचंही तसंच. त्या फाईलमध्ये `PSH` हे पिनॅकल या बुकीचे घरच्या टीमच्या विजयावरचे, मॅचच्या आधी गोळा केलेले ऑड्स, वीकेंडच्या मॅचेसचे शुक्रवारी दुपारी, आठवड्यातल्या मॅचेसचे मंगळवारी दुपारी. `PSCH` म्हणजे मॅच सुरू व्हायच्या वेळचे, क्लोजिंग. फीचरमध्ये `PSCH` टाकायचा आणि नफा `PSH` वर मोजायचा हे चालणार नाही, कारण मधल्या दोन दिवसांत कोण जखमी झालं, टीम कोणती उतरली, हे सगळं क्लोजिंगमध्ये येऊन बसलेलं असतं. याच हिशोबाने आम्ही शुक्रवार दुपारची रेषा धरली. रविवारच्या मॅचला टेबलातलं स्थान वापरायचं असेल तर शुक्रवारचं, शनिवारचे निकाल धरून नाही. एका टीमच्या स्वतःच्या फॉर्मला याने फरक पडत नाही कारण ती टीम शनिवारी आणि रविवारी दोन्ही दिवशी खेळत नाही, पण ज्या फीचरमध्ये बाकीच्या टीमही येतात, रेटिंग, टेबलातलं स्थान वगैरे, तिथे पडतो.

दुसरं काम तपासणी बदलणं. scikit-learn मध्ये `TimeSeriesSplit` आहे पण तो ओळी मोजून कापतो, तारीख बघत नाही, त्यामुळे एकाच शनिवारच्या निम्म्या मॅचेस ट्रेनिंगला आणि निम्म्या टेस्टला जाऊ शकतात, आणि दोन ओळींची पद्धत असेल तर एकाच मॅचची एक ओळ इकडे एक तिकडे. म्हणून आम्ही सरळ सीझनप्रमाणे कापतो:

```python
s = sorted(df["season"].unique())
for i in range(4, 8):
    tr = df[df["season"].isin(s[:i])]
    te = df[df["season"] == s[i]]
```

पहिले ४ सीझन शिकायला, पाचवा तपासायला. मग ५ शिकायला, सहावा तपासायला. असं २०१८-१९ ते २०२१-२२ चार वेळा, मिळून १५२० मॅचेस, त्यातून पुढे सांगतो त्या थोड्या वगळून तपासणी. शेवटचे दोन सीझन वेगळ्या फाईलमध्ये काढून ती फाईल बँकवाल्या मित्राच्या लॅपटॉपवर ठेवली, आमच्याकडे कॉपी नाही. स्केलिंग करत असाल, गहाळ आकडे सरासरीने भरत असाल, फीचर निवडत असाल, तर तेही लूपच्या आत, फक्त `tr` वरून. बाहेर एकदाच करून ठेवलं की पुढच्या सीझनची सरासरी मागे झिरपते.

१४४ फीचरचं तेच मॉडेल या पद्धतीने चालवलं तर लॉग लॉस १.००६. शफलमध्ये ०.९७९ होता. त्याच मॅचेसवर बाजार ०.९६८. मित्र बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने एक बरोबर प्रश्न विचारला: पहिल्या फेरीला शिकायला चारच सीझन मिळतात, १५२० मॅचेस, शफलमध्ये ३०४० मिळायच्या, मग आकडा कमी डेटामुळे तर बिघडला नाही ना? शंका रास्त आहे, ती तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. आम्ही शफल करूनच पण १५२० मॅचेसवर शिकवलं, तर ०.९८५ आला. म्हणजे ०.०२७ च्या फरकातला ०.००६ डेटा कमी असल्याचा, बाकीचा मोठा भाग पुढचं दिसत असल्याचा. शिवाय त्याने सेटिंगची शेकडो कॉम्बिनेशनं त्याच पाच भागांवर चालवून सगळ्यात चांगलं ठेवलं होतं, त्याचाही वाटा यात आहे, तो वेगळा काढता आला नाही.

सीझनवार आकडे वेगवेगळे लिहा, नुसती सरासरी नको. आमचा सगळ्यात वाईट सीझन २०२०-२१ निघाला आणि त्याला कारण आहे. कोविडमुळे स्टेडियम जवळपास पूर्ण सीझन रिकामी होती आणि त्या वर्षी घरच्या टीमने १४४ मॅचेस जिंकल्या, पाहुण्यांनी १५३. एरवी नेहमी उलटं असतं. आधीच्या वर्षांवर शिकलेल्या मॉडेलला घरच्या मैदानाचा फायदा पक्का माहीत होता, तो त्या वर्षी नव्हताच. शफलमध्ये हा खड्डा दिसत नाही कारण २०२०-२१ च्या चारपंचमांश मॅचेस ट्रेनिंगमध्येच असतात. पुढच्या वर्षी असं काही होईल का हे सांगता येत नाही, पण झालं तर मॉडेल किती घसरतं ते या पद्धतीत निदान दिसतं तरी.

तिसरं काम फीचर कमी करणं, आणि यासाठी एक साधी युक्ती आहे. टेबलात ५ कॉलम निव्वळ रँडम आकड्यांचे टाका. मग तपासायच्या सीझनवर एकेक कॉलमचे आकडे आपसात मिसळून बघा की लॉग लॉस किती बिघडतो. ज्या कॉलमने रँडम कॉलमांपेक्षा जास्त बिघडत नाही तो ठेवण्यात अर्थ नाही. मॉडेल स्वतः जी इम्पॉर्टन्सची यादी देतं ती यासाठी वापरू नका, ती ट्रेनिंगवरची असते आणि तिच्यात रँडम कॉलमही दिमाखात वर येतात. एक सांभाळायचं, १० मॅचेसचे गोल आणि ५ मॅचेसचे गोल असे जुळे कॉलम असले की एक मिसळला तरी दुसरा त्याचं काम करतो आणि दोघेही निरुपयोगी दिसतात, म्हणून आम्ही आधी जुळी काढली, प्रत्येक गोष्टीची एकच खिडकी ठेवली, १० ची. चारही फेऱ्यांत रँडमच्या वर टिकले असे ९ कॉलम उरले, जवळजवळ सगळे गोल आणि टार्गेटवरच्या शॉटचे. फाऊलवाला कॉलम एका सीझनला वर, तीन सीझनला रँडमच्या खाली.

त्या ९ कॉलमवर साधं लॉजिस्टिक रिग्रेशन, कोइफिशंट फार फुगू नयेत म्हणून थोड्या पेनल्टीसह, आणि आकडा ०.९८४. बूस्टिंगच्या १.००६ पेक्षा बराच बरा. बाजारापेक्षा अजून मागेच. आणि हे ९ कॉलम तपासायच्या चार सीझनवरच निवडले, म्हणजे फक्त `tr` वरून निवडायचा वरचा नियम इथे आम्हीच मोडला, त्यामुळे हा आकडाही पक्का धरायचा नाही, त्यासाठी बँकवाल्याकडची कुलूपातली फाईल आहे.

मधेच नफ्याबद्दल, कारण मित्राने इथे एक सीझन काढून दाखवला ज्यात नव्या मॉडेलने ३०० बेटवर ९ टक्के नफा केला होता. ऑड्स सरासरी ३ धरा. जिंकलं तर २ युनिट मिळतात, हरलं तर १ जातं, आणि काही कौशल्य नसताना तीनात एकदा जिंकतो. एका बेटचं स्टँडर्ड डेव्हिएशन १.४१ युनिट येतं. ३०० च्या वर्गमुळाने, म्हणजे १७.३ ने, भागलं की ०.०८२. म्हणजे नफ्याचा टक्का नुसत्या नशिबाने ८ टक्के इकडे-तिकडे सहज होतो, आणि ९ टक्के हे त्याच्या जेमतेम पुढे आहे, तेही चार सीझनमधला सगळ्यात चांगला निवडून. बेट १२०० झाल्या तरी हा झोका ४ टक्क्यांचा राहतो. म्हणून मॉडेल निवडताना आम्ही लॉग लॉसच बघतो, तो प्रत्येक मॅचवर मोजला जातो, फक्त बेट लावलेल्या मॅचेसवर नाही.

या पद्धतीचीही मर्यादा आहे. त्या चार फेऱ्या तुम्ही पन्नास वेळा चालवून दर वेळी काहीतरी बदललं तर हळूहळू त्या चार सीझनवरच ओव्हरफिट होता, क्रम बरोबर असला तरी. आम्ही वहीत प्रत्येक रन लिहितो, काय बदललं आणि आकडा काय आला, आणि या केसमध्ये ते २३ झाले होते. बढती मिळून आलेल्या तीन टीमचा प्रश्न तर सुटलेलाच नाही, त्यांच्या शेवटच्या १० मॅचेस खालच्या लीगमधल्या किंवा काही वर्षांपूर्वीच्या असतात, आम्ही सध्या त्यांच्या पहिल्या १० मॅचेस तपासणीतूनही आणि बाजाराच्या आकड्यातूनही वगळतो.

२३ रन झाल्यावर बँकवाल्याकडून फाईल मागवली. २०२२-२३ आणि २०२३-२४, एकदाच चालवलं. ९ कॉलमवालं मॉडेल ०.९८६, म्हणजे तपासणीत ०.९८४ आलं होतं त्याच्या अगदी जवळ, तपासणीचा आकडा पहिल्यांदाच खरा निघाला. बाजार त्याच मॅचेसवर ०.९७० च्या आसपास, तो पुढेच राहिला. मित्राने त्याच संध्याकाळी परत चालवायला घेतलं होतं, एक कॉलम बदलून, त्याला मी थांबवलं, कारण ते दोन सीझन आता बघून झालेत आणि कुलूपातले राहिले नाहीत. पुढची न बघितलेली फाईल २०२४-२५ ची, ती उतरवून न उघडता बँकवाल्याकडेच दिलीये.